वॉरफॅरिन सुरू झालेल्यांसाठी: खाणंपिणं, चुकलेली गोळी आणि रक्तस्रावाच्या खुणा

'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणून हातात पडणारी औषधं एकाच जातीची नसतात, आणि त्यांचे नियमही एक नसतात. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी गोळ्यांचं पाकीट उलटं करा आणि कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा.

तिथे वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमारॉल लिहिलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा डॅबिगाट्रान लिहिलं असेल, तर रक्तस्रावाच्या खुणांचा भाग तुम्हालाही लागू आहे. पण खाण्याचे आणि चुकलेल्या गोळीचे इथले नियम तुमचे नाहीत. त्या गोळ्यांना पालेभाजीचं बंधन नसतं. त्यांचा परिणाम एका दिवसाच्या आतबाहेर उतरतो, त्यामुळे गोळी चुकवणं त्यांच्या बाबतीत जास्त लवकर महागात पडतं. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हा आणखी तिसरा प्रकार, त्याबद्दल इथे लिहिलेलं नाही.

गोळी आज घेतली, परिणाम कधी?

ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

रक्ताची गुठळी व्हायला काही प्रथिनं लागतात. ती यकृतात तयार होतात आणि त्यातली काही तयार करायला यकृताला 'के' जीवनसत्त्व लागतं. वॉरफॅरिन त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतं, म्हणून नवी प्रथिनं कमी बनतात. पण आधी बनलेली प्रथिनं रक्तात फिरतच असतात आणि ती संपायला वेळ जातो. त्यामुळे आज घेतलेल्या गोळीचा परिणाम पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसतो, आणि आज काही बिघडलं तर तेही लगेच कळत नाही. तुम्हाला अंगात काहीच जाणवत नाही. कळतं ते फक्त रक्ताच्या तपासणीत.

ती तपासणी म्हणजे आयएनआर. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून किंवा पायातल्या शिरेत गुठळी झाली म्हणून गोळी सुरू असेल, तर तो बहुधा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो. हृदयात डाव्या बाजूला, मायट्रल जागी धातूची झडप बसवलेली असेल तर बहुधा २.५ ते ३.५. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि लिहून ठेवा. आयएनआर खाली घसरला तर गुठळी होण्याचा धोका, वर चढला तर रक्तस्रावाचा. ४.५ ते ५ च्या पुढे रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढत जातो.

सुरुवातीला ही तपासणी दर काही दिवसांनी करावी लागते, मग आठवड्याने, आणि आकडा जागेवर बसला की साधारण महिन्याने. पहिल्या काही आठवड्यांतल्या या फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, पण तुमचा डोस याच काळात ठरतो. एकही फेरी चुकवू नका.

रोजची पद्धत बसवा

गोळी संध्याकाळी किंवा रात्री, रोज त्याच वेळेला घ्या. संध्याकाळची वेळ सांगण्यामागे साधं कारण आहे: सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी डोस बदलला, तर तो बदल त्याच दिवशीच्या गोळीपासून करता येतो.

डोस मिलिग्रॅममध्ये लिहा, 'एक गोळी' असं कधीही लिहू नका. ही औषधं वेगवेगळ्या ताकदीत मिळतात. नवं पाकीट १ मिलिग्रॅमऐवजी २ मिलिग्रॅमचं आलं आणि तुम्ही जुन्या सवयीने 'एक गोळी' घेत राहिलात, तर डोस दुप्पट झाला. गोळीच्या रंगावरही विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. प्रत्येक नवं पाकीट आलं की आधीच्या पाकिटाशेजारी धरून नाव आणि मिलिग्रॅम ताडून बघा.

एक वही ठेवा. तारीख, घेतलेले मिलिग्रॅम, आणि तपासणी झाली त्या दिवशी आयएनआर, एवढंच. खूण गोळी गिळल्यावर करायची, आधी नाही. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी मिळाली तर फार उत्तम, विशेषतः एक दिवस एक डोस आणि दुसऱ्या दिवशी दुसरा असं ठरवून दिलेलं असेल तर. कप्पा रिकामा आहे की भरलेला, हे बघितलं की वाद मिटतो.

खाणं: टाळायचं नाही, सारखं ठेवायचं

रुग्णांच्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ याच बाबतीत असतो. "पालेभाज्या बंद करा" हा सल्ला शेजारपाजारच्यांकडून तर मिळतोच, कधी कधी दवाखान्यातूनही मिळतो, आणि तो चुकीचा आहे.

'के' जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असतं. पालक, मेथी, कोथिंबीर, ब्रोकोली, कोबी या सगळ्यांत कमीजास्त आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ९० ते १२० मायक्रोग्रॅम, आणि शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या कपात चारशेच्या वर मायक्रोग्रॅम निघतात. म्हणजे एका जेवणातल्या पालकाने आकडा हलू शकतो हे खरं आहे. पण तुमचा गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावरच बेतलेला असतो. खाणं तेच राहिलं तर डोस बरोबर बसतो. अडचण होते ती खाणं अचानक बदललं की.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. समजा एका बाईंना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफॅरिन रोज ५ मिलिग्रॅम सुरू आहे, आठवड्याला ३५. त्या आठवड्यातून तीन-चार वेळा पालेभाजी खातात आणि त्यांचा आयएनआर २.५ वर स्थिर आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पालेभाजी पूर्ण सोडली. पुढच्या तपासणीत आयएनआर ३.६ आला. डॉक्टरांना खाण्यातला बदल कुणी सांगितला नाही, म्हणून त्यांनी डोस कमी केला: पाच दिवस ५ आणि दोन दिवस २.५ मिलिग्रॅम, आठवड्याला ३०. आकडा २.६ वर आला, सगळं ठीक दिसलं. महिन्याभराने बाईंना भाजीशिवाय जेवण नकोसं झालं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यासारखी भाजी सुरू केली. आता डोस कमी आणि 'के' जास्त. आयएनआर १.६. ज्या गुठळीपासून वाचायला गोळी सुरू केली, तिचाच धोका परत आला, आणि गोळी तर एकही चुकलेली नाही.

या बाईंनी भाजी सोडलीच नसती तर यातलं काही झालं नसतं. आणि सोडली किंवा परत सुरू केली हे तपासणीच्या वेळी नुसतं सांगितलं असतं, तरी डॉक्टरांनी डोस बदलण्याआधी वेगळा विचार केला असता.

मग करायचं काय? आत्ता आठवड्यातून जितक्या वेळा आणि जितकी पालेभाजी खाता, तितकीच खात राहा. उपास, वजन कमी करायचं नवं डाएट, रोज सकाळी हिरव्या पानांचा रस असं काही सुरू करायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि सुरू केल्यावर आठवड्याभरात आयएनआर बघा. बटाटा, कांदा, टोमॅटो, गाजर, भात, पोळी, दूध आणि बहुतेक फळं यांनी काही फरक पडत नाही, त्यांचा हिशोब ठेवत बसू नका.

ताप किंवा जुलाबात जेवण तुटतं तेव्हाही हेच होतं. पोटात 'के' जात नाही, गोळी मात्र तीच चालू राहते आणि आयएनआर वर चढतो. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नीट जेवण गेलं नाही तर फोन करून तपासणी लवकर करायची का ते विचारा.

दारू या गोळीबरोबर नको, असंच मी सांगेन. एका बैठकीत जास्त झाली तर आयएनआर वर जातो, रोजची भरपूर पिण्याची सवय तो खालीही नेऊ शकते, शिवाय झोक जाऊन पडण्याचा धोका वेगळा.

औषधं: जेवणापेक्षा मोठं कारण

आयएनआर एकदम उसळतो तो बहुतेक वेळा भाजीमुळे नाही, नव्या औषधामुळे. जुलाबासाठी घेतलेलं मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गासाठीचं कोट्रायमोक्साझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल ही ठळक उदाहरणं. जुलाबाने जेवण तुटलेलं आणि त्यात मेट्रोनिडाझोल, अशी जोडी जमली की काही दिवसांत आयएनआर २.५ वरून ५ च्या पुढे जाऊ शकतो. उलट क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आकडा जोरात खाली ओढतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "मला वॉरफॅरिन सुरू आहे" हे असू द्या. अँटिबायोटिक सुरू झालं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासा.

दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. ही औषधं पोटाच्या अस्तराला जखम करतात, आणि तुमच्या बाबतीत ती जखम वाहत राहते. यात सर्दी-अंगदुखीच्या मिश्र गोळ्याही आल्या, त्यांच्या पाकिटावरची नावं वाचा. पॅरासिटामॉल चालतं. पण रोज २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, सलग बरेच दिवस घ्यायची वेळ आली तर तेही कळवा, त्यानेही आयएनआर हळूहळू चढतो. लसूण, हळद किंवा जिन्कोच्या कॅप्सूल, काढे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांनाही हाच नियम: आधी विचारा. स्वयंपाकातल्या लसूण-हळदीची काळजी नको.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर घ्या, रात्री उशिरा का असेना. दुसरा दिवस उजाडल्यावर आठवलं तर कालची सोडून द्या आणि आजची आजच्या वेळेला, नेहमीच्याच डोसने घ्या. दोन दिवसांच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. वहीत त्या तारखेपुढे 'चुकली' असं स्पष्ट लिहा.

समजा तुमची वेळ रात्री ९ ची आहे. मंगळवारी पाहुणे आले आणि गोळी राहिली. रात्री साडेअकराला अंथरुणावर पडल्यावर आठवलं तर उठून घ्या. बुधवारी सकाळी ७ वाजता डबी उघडल्यावर मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला, तर ती गोळी बाजूला काढा आणि बुधवारी रात्री ९ वाजता फक्त बुधवारची घ्या. इथे मन म्हणतं की दोन घेतल्या तर भरपाई होईल. होत नाही. मंगळवारची जी पोकळी पडली ती दोन-तीन दिवसांनी आयएनआरमध्ये थोडी दिसेल, आणि बुधवारी घेतलेला दुप्पट डोस त्याच्याही नंतर आकडा नको तितका वर नेईल. म्हणजे आधी खड्डा, मग उंचवटा. शुक्रवारी तपासणी ठरलेली असेल तर तिथे मंगळवारची गोळी चुकल्याचं आधी सांगा. नाहीतर २.५ ऐवजी २.० किंवा १.९ आलेला आकडा बघून तुमचा रोजचा डोस विनाकारण वाढवला जाईल.

घेतली की नाही हेच आठवत नसेल, वहीत खूण नसेल आणि कप्प्यांची डबीही नसेल, तर पुन्हा घेऊ नका. या गोळीत एक दिवस कमी पडणं हे दुप्पट घेण्यापेक्षा बहुतेकांसाठी कमी धोक्याचं आहे.

चुकून दोनदा घेतली गेली तर घाबरू नका, पण पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन करा. पुढची सोडायची की नाही आणि तपासणी कधी करायची, हे तुमच्या शेवटच्या आयएनआरवर ठरतं.

लागोपाठ दोन किंवा जास्त दिवस चुकले तर वाट बघू नका, कळवा. धातूची झडप असलेल्यांनी एक गोळी चुकली तरी त्याच दिवशी कळवावं, कारण झडपेवर गुठळी बसणं जिवावर बेतू शकतं. अशा लोकांना झडपेचा टिक-टिक आवाज ओळखीचा असतो. तो अचानक दबका झाला किंवा येईनासा झाला तर थेट रुग्णालय गाठा. ॲसेनोकुमारॉल वॉरफॅरिनपेक्षा लवकर उतरतं, म्हणून ते घेणाऱ्यांनी वेळेबाबत आणखी काटेकोर राहावं.

गोळ्या चुकलेल्या काळात एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तर ती गुठळीची खूण समजा आणि ताबडतोब रुग्णालयात जा.

रक्तस्राव: काय बघायचं, काय करायचं

दात घासताना हिरडीतून थोडं रक्त, दाढी करताना कापलं तर थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ, दंडावर कुठे आपटलं आठवत नाही असा लहान निळा डाग: हे या गोळीवर होतं. मऊ ब्रश वापरा, डाग वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत सांगा. पण हेच वाढत चाललं, रोज नवे डाग उमटू लागले, हिरड्या रोज रक्ताळू लागल्या किंवा पाळीत रक्त एकदम वाढलं, तर त्याच दिवशी फोन करून आयएनआर तपासून घ्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल डाग पसरला, पण दुखत नाही आणि दिसतंही नीट, तरी त्याच दिवशी तपासणी करा. नजर अंधुक झाली किंवा डोळा दुखू लागला तर मात्र तातडीने दाखवा.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. बसा, पुढे झुका, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबा आणि तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून सलग १० ते १५ मिनिटं दाबून ठेवा, मध्येच सोडून थांबलं का ते बघू नका. जखमेवरही असाच स्वच्छ कापडाने सलग दाब द्या. तेवढ्या वेळानेही थांबलं नाही तर रुग्णालयात जा.

न दिसणारा रक्तस्राव जास्त फसवतो. पोटात रक्त गेलं की शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर-हिरवट होतं, पण ते चिकट नसतं आणि तो वास नसतो. शंका असली तर तपासून घ्या, मनाशी निकाल लावू नका. उलटीत ताजं रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण, लाल किंवा कोलाच्या रंगाची लघवी, शौचातून ताजं लाल रक्त: या खुणा दिसल्या की पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयात जा. बीटाने लघवी गुलाबी होते, पण बीट खाल्लेलं नक्की आठवत असेल तरच ते कारण धरा.

कंबर, जांघ किंवा मांडीत अचानक खोल दुखू लागलं, पाय उचलवेना, मांडी बधिर झाली, तर लोक ते स्नायू भरला म्हणून शेकत बसतात. या गोळीवर असलेल्या माणसाच्या पाठीमागच्या स्नायूंत रक्त साचत असू शकतं. सोबत चक्कर, घाम, फिकटपणा असेल तर जराही थांबू नका. सांधा एकदम सुजून ताठ झाला तरी तेच.

आणि डोक्याला मार. पडलात, डोकं आपटलं, बाहेर जखम नाही, टेंगूळही नाही, बरं वाटतंय: तरीही त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन दाखवा. आत हळूहळू साचणारं रक्त काही तासांनी, कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्रास देतं. वयस्कर माणूस पडल्यानंतर झोपाळू वाटू लागला, गोंधळल्यासारखा बोलू लागला, चालताना एका बाजूला झुकू लागला तर घरच्यांनी ते वयावर ढकलू नये. आधी न झालेली तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, एक हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, या वेळी रुग्णवाहिका बोलवा.

रक्तस्राव नसेल आणि आयएनआर नुसता वाढलेला असेल, तर डॉक्टर बहुधा एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासतात. गंभीर रक्तस्रावात 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, पण त्याला काही तास लागतात, म्हणून गुठळी बनवणारे घटक सोबत शिरेतून दिले जातात. हे सगळं रुग्णालयातच होतं. घरी 'के' च्या गोळ्या आणून घेऊ नका.

खिशात काय ठेवायचं

दात काढायचा असेल, एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दंडात-कंबरेत इंजेक्शन द्यायचं ठरत असेल, तर आधीच सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती किती दिवस थांबवायची किंवा थांबवायचीच नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. वॉरफॅरिन गर्भाला, विशेषतः पहिल्या तिमाहीत, इजा करू शकतं, म्हणून दिवस राहिल्याची शंका आली की त्याच दिवशी कळवा.

पाकिटात एक कागद कायम असू द्या. त्यावर औषधाचं मूळ नाव, रोजचे मिलिग्रॅम, गोळी कशासाठी सुरू आहे, तुमची आयएनआरची मर्यादा, शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख, आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहा. तातडीच्या विभागात पोचलात की हा कागद आधी पुढे करा आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली ते सांगा. बेशुद्ध माणसाला ते सांगता येत नाही, म्हणून वही कुठे ठेवली आहे हे घरात आणखी एकाला तरी माहीत असू द्या.